सोन्याचे अणुकेंद्रक केवढे? एका आकड्याचा इतिहास

(१) सोन्याचा आणि ॲल्युमिनियमचा एकाच आकाराचा तुकडा घेतला, तर सोने सातपट जड भरते. गंमत अशी की या दोन धातूंचे अणू जवळजवळ एकाच आकाराचे असतात. दोन्हींची त्रिज्या सुमारे ०.१४ नॅनोमीटर. वस्तुमान सातपट वाढूनही अणू मोठा होत नाही. मग अणूच्या पोटातील केंद्रकही तेवढेच राहते का? या प्रश्नाचा निकाल लागायला चाळीसहून अधिक वर्षे जावी लागली.

(२) १९११ साली मँचेस्टरमध्ये अर्नेस्ट रदरफर्ड यांनी सोन्याच्या पातळ पत्र्यावरून विखुरलेल्या अल्फा कणांवरून केंद्रकाचे अस्तित्व ओळखले. परंतु त्यांच्या कणांना केंद्रकाचा विद्युतभार सुमारे ३० फेम्टोमीटर अंतरावरूनच मागे ढकलत असे. (फेम्टोमीटर म्हणजे मिलिमीटरचा एक लाख कोटीवा भाग.) केंद्रक याहून लहान आहे, एवढेच त्यातून कळले.

(३) १९२८ मध्ये जॉर्ज गॅमॉव्ह यांनी अल्फा-ऱ्हासाचे पुंजभौतिकीय स्पष्टीकरण दिले आणि जड केंद्रकांच्या त्रिज्या अप्रत्यक्षपणे काढता येऊ लागल्या. केंद्रक हे द्रवाच्या थेंबासारखे आहे, ही कल्पनाही त्यांचीच. थेंब मोठा झाला म्हणून पाणी अधिक दाट होत नाही. कण वाढतात तसे आकारमान वाढते. म्हणून केंद्रकाचे आकारमान अणुवस्तुमानांक A च्या प्रमाणात असले, तर त्रिज्या A च्या घनमूळाच्या प्रमाणात असणार:

R = r₀ A^(1/3)

ॲल्युमिनियमचा A २७, त्याचे घनमूळ ३. सोन्याचा १९७, त्याचे घनमूळ सुमारे ५.८. कण सातपट, पण त्रिज्या दुपटीलाही पोहोचत नाही.

(४) प्रश्न r₀ चा होता. महायुद्धापूर्वीच्या अनुमानांत तो १.५ फेम्टोमीटरच्या आसपास येई. १९५३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात व्हॅल फिच आणि जेम्स रेनवॉटर यांनी म्यूऑन वापरले. म्यूऑन इलेक्ट्रॉनच्या सुमारे २०७ पट जड, त्यामुळे त्याची कक्षा इतकी लहान की शिशाच्या अणूत तो बराच काळ केंद्रकाच्या आतच वावरतो. केंद्रक बिंदूएवढे असते, तर शिशातील म्यूऑनचा क्ष-किरण सुमारे १६ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टचा निघाला असता. मोजला तो ६ चा! त्यातून r₀ आला सुमारे १.२. हा फरक किरकोळ नव्हे. आकारमान त्रिज्येच्या घनाप्रमाणे बदलते, म्हणून १.५ ऐवजी १.२ धरले की केंद्रकाची घनता जवळजवळ दुप्पट होते.

(५) निकाल स्टॅनफर्डमध्ये लागला. रॉबर्ट हॉफस्टॅटर आणि सहकाऱ्यांनी १८३ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टचे इलेक्ट्रॉन सोन्यावर सोडले. या ऊर्जेला इलेक्ट्रॉनची तरंगलांबी सुमारे ६.८ फेम्टोमीटर, म्हणजे केंद्रकाच्याच मापाची. त्यामुळे विखुरलेल्या इलेक्ट्रॉनांच्या संख्येत कोनागणिक विवर्तनाचे चढउतार दिसतात आणि त्यांच्या जागांवरून केंद्रकाचा आकार काढता येतो. सोन्याच्या केंद्रकात विद्युतभाराची घनता मध्यभागी जवळपास सपाट आढळली, सुमारे ६.४ फेम्टोमीटरवर ती निम्मी होते. मात्र काठ धारदार नाही. घनता ९० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर येण्यास सुमारे २.३ फेम्टोमीटर लागतात आणि काठाची ही जाडी बहुतेक केंद्रकांत जवळपास तेवढीच असते. अशा कडेऐवजी समान घनतेचा गोल कल्पिला, तर r₀ १.२ च्या जवळ येतो. हॉफस्टॅटर यांना १९६१ चे नोबेल मिळाले.

(६) मग जुना आकडा चुकीचा होता का? तो वेगळ्याच गोष्टीचे माप होता. अल्फा कणाला स्वतःचा आकार असतो आणि केंद्रकीय बलाची पोहोच काठाबाहेरही थोडी असते. त्यामुळे ते अंतर मोठे भरते. इलेक्ट्रॉनला केंद्रकीय बल जाणवत नाही, त्याला फक्त विद्युतभार दिसतो. म्हणून न्यूट्रॉनांचा हिशेब मात्र स्वतंत्रपणे धरावा लागतो.

(७) आता घनता काढू. एका न्यूक्लिऑनचे वस्तुमान १.६७ × १०⁻²⁷ किलो. त्याच्या वाट्याला १.२ फेम्टोमीटर त्रिज्येच्या गोलाएवढी जागा येते. भागाकार केला की A गळून पडतो आणि उत्तर येते सुमारे २.३ × १०¹⁷ किलो प्रति घनमीटर. म्हणजे एका घन मिलिमीटरमध्ये २.३ लाख टन. ॲल्युमिनियम असो वा सोने, केंद्रकाच्या आत दोघांची घनता जवळपास सारखीच. कारण केंद्रकीय बल शेजाऱ्यांपुरतेच ओढते आणि कण फार जवळ आले की दूर ढकलते.

(८) नियमाला मर्यादाही आहे. हेलियमसारख्या हलक्या केंद्रकात सपाट मध्यभाग उरतच नाही, सारा काठच असतो. १९८५ मध्ये इसाओ तानिहाता यांच्या गटाला लिथियम-११ अपेक्षेहून बराच मोठा आढळला, कारण त्याचे शेवटचे दोन न्यूट्रॉन अगदी सैल बांधलेले असून दूरवर पसरतात. थेंबाची उपमा चालते ती थेंब भरीव आणि घट्ट बांधलेला असेल तोवरच.