दुखत नाही तोच चट्टा आधी दाखवा! तंबाखू खाणाऱ्यांनी घरच्या घरी तोंड कसं तपासायचं?

तालुका वार्ताहर : तोंडात फोड आला, तिखट झोंबायला लागलं की माणूस मेडिकलमधून मलम आणतो. पण गालाच्या आतल्या बाजूला पांढरा चट्टा पडला आणि तो दुखत नसेल तर वर्षभर तिकडे कोणी बघत नाही. तोंडाचा कॅन्सर सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही, त्यामुळे दुखायची वाट बघणारा माणूस उशिरा पोहोचतो. तालुक्यातल्या एका गावात ग्रामपंचायतीच्या सभागृहात झालेल्या आरोग्य शिबिरात दंतवैद्य मॅडमनी हीच गोष्ट धरून तासभर माहिती दिली आणि तोंड कसं तपासायचं ते एका तरुणाला खुर्चीत बसवून करून दाखवलं.

त्यांचा पहिला प्रश्न होता, "तंबाखूचा बार कुठं भरता?" बहुतेकांनी खालच्या ओठाकडे नाहीतर गालाकडे बोट दाखवलं. आपल्याकडे तोंडाचा कॅन्सर जास्त करून तिथेच, म्हणजे खालची हिरडी आणि गाल यांच्यामधल्या खाचेत आणि गालाच्या आतल्या कातडीवर होतो. तंबाखू आणि चुना तासन् तास एकाच जागी राहतो, म्हणून तपासणीही त्या जागेपासून सुरू करायची. मिसरी लावणाऱ्या बायकांनाही हेच लागू आहे. मिसरी ही भाजलेली तंबाखूच आहे, पण "मी तंबाखू खात नाही, फक्त मिसरी लावते" असं सांगणाऱ्या त्या दिवशीही दोघी-तिघी निघाल्याच.

तपासणीला पाच मिनिटं लागतात. चूळ भरायची, कवळी असेल तर काढायची, हात साबणाने धुवायचे आणि आरशासमोर उजेडात उभं राहायचं. मोबाईलची बॅटरी दुसऱ्याने धरली तर सोपं जातं. खालचा ओठ बाहेर उलटा करून बघायचा, मग वरचा. नंतर बोटाने गाल बाहेर ओढून ओठाच्या कोपऱ्यापासून शेवटच्या दाढेपर्यंत आणि खाली खाचेपर्यंत बघायचं. मग जीभ बाहेर काढून शेंडा स्वच्छ फडक्याने धरायचा, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे ओढून जिभेच्या कडा बघायच्या. जिभेचा वरचा भाग सगळे बघतात, पण आजार जास्त करून कडेला असतो. शेवटी जीभ टाळूला लावून खालची जागा बघायची आणि मान मागे करून टाळू बघायचा.

नुसतं बघून भागत नाही. एक बोट आत आणि अंगठा बाहेर ठेवून गाल चिमटीत धरून पुढून मागे चाचपायचा. निरोगी गाल सगळीकडे सारखा मऊ लागतो. मध्येच कडक गाठ लागली तर ती दाखवायची. तसंच जबड्याखाली आणि मानेला दोन्ही बाजूंनी चाचपायचं.

तोंडात काय दिसलं म्हणजे डॉक्टरांकडे जायचं? पांढरा चट्टा दिसला तर ओल्या फडक्याने हलकेच पुसून बघा, असं मॅडमनी सांगितलं. पुसून निघाला तर तो थर असतो, कधी बुरशीचा असतो, त्याचं औषध वेगळं. निघालाच नाही तर तपासणी लागते. असे पांढरे चट्टे बहुतेक वेळा कॅन्सर होत नाहीत, पण कोणता होणार हे नुसतं बघून डॉक्टरलाही सांगता येत नाही. मखमलीसारखा लालभडक चट्टा मात्र जास्त घातक, त्यासाठी एक दिवसही थांबायचं नाही.

उलट, काही गोष्टी बघून लोक उगाच घाबरतात. जिभेच्या मुळाशी मोठे दाणे असतात, ते सगळ्यांनाच असतात. दात मिटल्यावर जिथे येतात त्या रेषेत गालावर पांढरी रेघ असते. टाळूच्या मध्यभागी कडक उंचवटा असतो आणि तो वर्षानुवर्षं तसाच असतो. डावी-उजवी बाजू ताडून बघितली की बरंच कळतं. दोन्हीकडे सारखं असेल तर बहुधा ते जन्माचंच.

शिबिरातच एक उदाहरण समोर आलं. साधारण पंचेचाळिशीचा शेतकरी, वीस वर्षं डाव्या गालात तंबाखू. त्याच गालावर डाळीएवढी जखम, दीड महिन्यापासून. समोरच्या दाढेचा टवका उडालेला होता, त्यामुळे "दाढ लागतीय म्हणून झालंय" असं तो स्वतःला समजावत होता. त्याने तुरटी लावली, हळद लावली, मग बार उजवीकडे भरायला लागला. मॅडमनी जखमेची कड चाचपली. ती जरा जाड लागली, पण मानेला गाठ नव्हती. नुकतीच झालेली जखम असती तर आधी दाढेची धार घासायची, तंबाखू बंद करायची आणि १४ दिवसांनी पुन्हा बघायचं, कारण दाढेने झालेली जखम कारण काढल्यावर दोन आठवड्यांत भरून येते. इथे दीड महिना आधीच गेला होता आणि कड कडक होती. म्हणून धार घासायला सांगितलीच, पण वाट न बघता त्याच आठवड्यात उपजिल्हा रुग्णालयात तुकडा तपासायला पाठवलं.

"तुकडा काढला की कॅन्सर पसरतो म्हणतात," असं तो लगेच म्हणाला. हे खोटं आहे. जागा बधिर करून तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढतात, गरज पडली तर एखादा टाका घालतात, त्याने आजार पसरत नाही. दुसरी चूक हलणाऱ्या दाताची. एकच दात अचानक हलायला लागला, शेजारी हिरडी सुजलेली आहे आणि दात काढल्यावर खड्डा भरून येत नाही, तर ते दाताचं दुखणं नसूही शकतं. दात काढण्याआधीच डॉक्टरांना तंबाखूचं सांगावं.

सुपारी खाणाऱ्या पोरांसाठी वेगळी खूण आहे. स्वतःच्या हाताची तीन बोटं उभी एकावर एक धरून पुढच्या दातांमध्ये घालायची. दोनच जात असतील, तिखट झोंबत असेल, गाल ताठ आणि फिका लागत असेल तर सुपारीने कातडीखाली दोरखंडासारखे पट्टे धरलेत असं समजायचं. तंबाखू नसलेल्या साध्या सुपारीनेही हे होतं. बंद केल्यावर आजार वाढायचा थांबू शकतो, पण तोंड पूर्वीसारखं पूर्ण उघडेलच असं नाही. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. पुडी कोणत्या टपरीवर मिळते ते मात्र शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं.

घरची तपासणी डॉक्टरांच्या तपासणीची जागा घेत नाही, घशाकडचा भाग आरशात दिसतच नाही. पण नजर शिकवता येते. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यातल्या १३ पंचायतींमध्ये १९९६ पासून मोठा अभ्यास झाला. त्यातल्या ७ पंचायतींत डॉक्टर नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन तोंडं बघितली. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू बाकीच्या पंचायतींपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी झाले.

३० वर्षांपुढच्या सगळ्यांची तोंडाची तपासणी आरोग्य उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत होते, आशाताईंना विचारलं तर दिवस कळतो. कॅन्सर निघालाच तर शस्त्रक्रिया, केमो आणि रेडिएशन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतात, रेशनकार्ड आणि आधार सोबत न्यावं. तंबाखू सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर फोन करता येतो. घरी तपासताना महिन्यातून एकदा त्याच जागेचा फ्लॅश लावून फोटो काढून ठेवला तर चट्टा वाढला की नाही ते डॉक्टरांनाही दाखवता येतं.