आकडेवारीच्या विश्लेषण-अहवालाचे परीक्षण

आकडेवारीच्या विश्लेषण-अहवालाचे परीक्षण म्हणजे अहवालातील निष्कर्ष मूळ नोंदींवरून खरोखर निघतो की नाही, याची केलेली तपासणी होय. न सांगता वगळलेल्या नोंदी, सोयीने पुढे केलेले आकडे आणि नमुन्याला न पेलणारे निष्कर्ष हे तिचे मुख्य विषय असतात. राइनहार्ट-रोगॉफ प्रकरण हे तिचे परिचित उदाहरण आहे.

== पार्श्वभूमी ==
अर्थशास्त्रज्ञ कार्मेन राइनहार्ट व केनेथ रोगॉफ यांनी २०१० साली २० प्रगत देशांच्या १९४६ ते २००९ या काळातील आकडेवारीवर निबंध प्रसिद्ध केला. सरकारी कर्ज सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ९० टक्क्यांपुढे गेलेल्या वर्षांत आर्थिक वाढीची सरासरी उणे ०.१ टक्के असल्याचे त्यात म्हटले होते. खर्चकपातीच्या समर्थकांनी या निबंधाचा आधार घेतला. २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील (ॲमहर्स्ट) विद्यार्थी थॉमस हर्नडन यांनी लेखकांकडून मूळ एक्सेल तक्ता मिळवला आणि मायकेल ॲश व रॉबर्ट पॉलिन यांच्यासह तो तपासला.

== वगळलेल्या नोंदी ==
पहिली पायरी मोजणीची असते. अहवालात २० देश असतील, तर सरासरीतही २० ओळी असावयास हव्यात. येथे सूत्रात `L30:L49` ऐवजी `L30:L44` असल्याने ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा व डेन्मार्क हे पाच देश सुटले होते. शिवाय ऑस्ट्रेलिया, कॅनडा व न्यूझीलंड यांची युद्धोत्तर काळातील काही वर्षे धरलेली नव्हती.

== लहान नमुना ==
न्यूझीलंडची १९४६ ते १९४९ ही चार वर्षे गळाल्याने ९० टक्क्यांवरील गटात त्याचे १९५१ हे एकच वर्ष उरले. त्या वर्षी वाढ उणे ७.६ टक्के होती. पाचही वर्षे धरल्यास सरासरी सुमारे २.६ टक्के येते. प्रत्येक देशाला समान भार दिल्यामुळे हे एक वर्ष ब्रिटनच्या १९ वर्षांच्या बरोबरीचे ठरले. गटात सातच देश उरले असल्याने या एका नोंदीने एकूण सरासरी एक टक्क्याहून अधिक खाली ओढली. एक नोंद काढून किंवा घालून उत्तर एवढे बदलत असेल, तर तो निष्कर्ष नमुन्याच्या ताकदीबाहेरचा समजला जातो.

== निवडक आकडे ==
निबंधात याच गटाचा मध्यक १.६ टक्के दिलेला होता. परंतु सार्वजनिक चर्चेत उणे सरासरीच गाजली. सरासरी व मध्यक यांत मोठी तफावत दिसल्यास टोकाच्या नोंदी शोधाव्या लागतात.

== निष्पत्ती व मर्यादा ==
फेरमांडणीत सरासरी २.२ टक्के आली. मूळ लेखकांनी सूत्रातील चूक मान्य केली, मात्र वर्षे हेतुपुरस्सर वगळल्याचा आरोप नाकारला. परीक्षणाने वगळणूक दिसते. तीमागचा हेतू सिद्ध होत नाही. दुरुस्तीनंतरही अधिक कर्जाच्या गटात वाढ कमीच आढळली; परंतु कर्जामुळे वाढ मंदावते की मंद वाढीमुळे कर्ज फुगते, हे केवळ सरासरीवरून ठरत नाही.