ऑक्सिजन-हिमोग्लोबिन वक्राचे विस्थापन

ऑक्सिजन-हिमोग्लोबिन वियोजन वक्र हा रक्तातील ऑक्सिजनचा आंशिक दाब आणि हिमोग्लोबिनची ऑक्सिजन-संपृक्तता यांचा संबंध दाखवणारा इंग्रजी 'S' आकाराचा आलेख आहे. हा आलेख शरीरात एका जागी स्थिर नसतो. उष्णता, आम्लता किंवा कार्बन डायऑक्साइड वाढल्यास तो उजवीकडे सरकतो, म्हणजे त्याच दाबाला हिमोग्लोबिन कमी ऑक्सिजन धरून ठेवते. ही कारणे घटल्यास तो डावीकडे सरकतो. व्यायाम आणि ताप या दोन्ही स्थितींत वक्र उजवीकडे जातो. मात्र दोहोंचा परिणाम सारखा नसतो.

वक्राचे स्थान सांगण्यासाठी 'पी-५०' हे माप वापरतात. निम्मे हिमोग्लोबिन संपृक्त होण्यास लागणारा दाब म्हणजे पी-५०. शरीराचे तापमान ३७° से. आणि रक्ताचा सामू ७.४ असताना तो सुमारे २७ मिमी पारा असतो. पी-५० वाढला, की वक्र उजवीकडे सरकला असे समजावे.

कारणे

हिमोग्लोबिनला ऑक्सिजन जोडला जाताना उष्णता बाहेर पडते. म्हणूनच बाहेरून उष्णता मिळाली, की हा बंध सैल होतो. आम्लता वाढली, की हायड्रोजन आयन हिमोग्लोबिनमधील हिस्टिडीनसारख्या घटकांना चिकटतात आणि रेणूच्या ऑक्सिजन सोडणाऱ्या रूपाला आधार देतात. कार्बन डायऑक्साइडचा परिणाम क्रिस्टियन बोर, कार्ल हॅसेलबाल्ख आणि ऑगस्ट क्रोग यांनी १९०४ मध्ये कोपनहेगन येथे दाखवला. त्याला 'बोर परिणाम' म्हणतात. तांबड्या पेशींतील २,३-डीपीजी हा पदार्थही वक्र उजवीकडे नेतो, परंतु त्याचे प्रमाण वाढण्यास तास किंवा दिवस लागतात. त्यामुळे दहा मिनिटांच्या धावण्याचे स्पष्टीकरण देताना त्याचा आधार घेणे योग्य नाही.

व्यायामातील विस्थापन

जोराने धावणाऱ्या व्यक्तीच्या मांडीच्या स्नायूचे तापमान ४०° से. झाले आणि तेथील रक्ताचा सामू ७.२ वर उतरला, असे समजू. नेहमीच्या सूत्रांनी हिशेब केल्यास पी-५० सुमारे ४० मिमी होतो. आता ४० मिमी दाबाला विश्रांतीच्या वक्रावर संपृक्तता ७५ टक्के असते, तर सरकलेल्या वक्रावर ती ५० टक्क्यांच्या आसपास येते. दर १०० मिलि रक्तात पूर्ण संपृक्ततेला सुमारे २० मिलि ऑक्सिजन मावतो, असे धरले तर पहिल्या स्थितीत स्नायूला सुमारे ४.५ मिलि आणि दुसऱ्या स्थितीत सुमारे ९ मिलि ऑक्सिजन मिळतो. दाब तोच राहूनही पुरवठा दुप्पट होतो, ही लक्षात घेण्यासारखी गोष्ट आहे.

हा बदल मुख्यतः स्थानिक असतो. तेच रक्त फुप्फुसात पोहोचले, की कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो, सामू पुन्हा वर येतो आणि वक्र बराचसा मूळ जागी परततो. त्यामुळे ऑक्सिजन भरून घेताना फारशी अडचण येत नाही. अत्यंत तीव्र व्यायामात मात्र धमनीतील रक्तही आम्ल व उष्ण होते आणि काही कसलेल्या धावपटूंची संपृक्तता थोडी घसरते.

तापातील विस्थापन

तापात सर्व शरीर तापलेले असते, फुप्फुसेही. ४०° से., म्हणजे घरच्या तापमापीवरील १०४° फॅ., या तापमानाला पी-५० सुमारे ३२ मिमी होतो. पेशींना ऑक्सिजन सोडणे सुलभ होते, पण फुप्फुसात तो पकडणे त्याच मानाने कठीण होते. निरोगी फुप्फुसात दाब १०० मिमी असल्याने हे जाणवत नाही, कारण तेथे वक्र जवळजवळ सपाट असतो. संपृक्तता ९७-९८ टक्क्यांवरून ९६ च्या जवळ येते, इतकेच.

न्यूमोनियात चित्र बदलते. धमनीतील दाब ६० मिमीवर उतरलेला असेल, तर ३७° ला संपृक्तता सुमारे ९० टक्के असते. ४०° ला ती ८६ च्या आसपास येते. येथे वक्र उताराचा आहे, म्हणून तापाचा भार येथेच दिसतो. अशा रुग्णात पल्स ऑक्सिमीटरवरील घसरलेल्या आकड्याचा काही भाग तापामुळे असू शकतो. तथापि रक्तातील ऑक्सिजन खरोखरच कमी असल्याने तो आकडा खोटा मानून सोडून देता येत नाही.

तापात श्वास जलद झाल्यास कार्बन डायऑक्साइड अधिक बाहेर पडतो आणि सामू वाढून वक्र डावीकडे ओढला जातो. सामू ७.५ झाल्यास वरील उष्णतेचा बराचसा परिणाम भरून निघतो. केवळ तापमान पाहून वक्राचे स्थान ठरवता येत नाही, ते याचमुळे.

मोजमापातील एक अडचण

धमनीतील रक्ताची वायू-तपासणी करणारे यंत्र नमुना ३७° से. वर ठेवून मोजते. ४०° ताप असलेल्या रुग्णाचे रक्त यंत्रात थंड होते, हिमोग्लोबिनची पकड घट्ट होते आणि दाब कमी दिसतो; शरीरातील ६० मिमी तेथे ५० च्या आसपास नोंदला जाऊ शकतो. रुग्णाचे तापमान यंत्रात भरल्यास दुरुस्त आकडा मिळतो. अहवाल वाचताना आकडा दुरुस्त आहे की ३७° चा, हे आधी पाहावे लागते.