प्रेषण खाते

मालाचा मालक (प्रेषक) आपला माल दुसऱ्या गावच्या अडत्याकडे विक्रीसाठी पाठवतो, पण त्या मालाची मालकी आणि जोखीम स्वतःकडेच ठेवतो. या व्यवहाराचे खाते म्हणजे प्रेषण खाते. बोलीभाषेत यालाच ‘कन्साइनमेंटवर माल देणे’ म्हणतात. अडत्या विकला गेलेला माल, दर, झालेला खर्च आणि आपली अडत लिहून पट्टी पाठवतो व उरलेली रक्कम मालकाला देतो. विकला न गेलेला माल तो परत करू शकतो. 1872च्या भारतीय करार कायद्यानुसार तो मालकाचा अभिकर्ता ठरतो. मागितल्यावर योग्य हिशेब देणे त्याला बंधनकारक असते. येणे असलेली अडत आणि खर्च मिळेपर्यंत, उलट करार नसेल तर, माल अडवून ठेवण्याचा हक्कही त्याला असतो.

माल पाठवणे म्हणजे विक्री नव्हे. त्यामुळे माल रवाना झाल्याच्या दिवशी मालकाच्या वहीत नफा येत नाही आणि अडत्याच्या वहीत खरेदी येत नाही. अडत्या आलेल्या मालाची फक्त नोंद ठेवतो, त्याच्या ताळेबंदात तो माल दिसत नाही. प्रेषण खात्यातल्या बहुतेक चुका मात्र विक्रीच्या नोंदीत होत नाहीत. वर्षअखेरीस अडत्याकडे पडून असलेला माल किती रुपयांना धरायचा, इथे त्या होतात.

वेंगुर्ल्याच्या एका काजू कारखानदाराचे उदाहरण घेऊ. आकडे हिशेबाच्या सोयीसाठी योजले आहेत. त्याने इंदूरच्या अडत्याकडे काजूगराचे 200 डबे पाठवले. डब्याचा उत्पादनखर्च 6,000 रुपये, म्हणजे एकूण 12,00,000. ट्रकभाडे आणि विमा यांवर त्याचे 20,000 खर्च झाले. इंदूरला माल उतरवून गोदामात नेण्यासाठी अडत्याने 4,000 रुपये हमाली व वाहतूक दिली, पुढे गोदामभाडे आणि विक्रीखर्च मिळून 8,000 केले. 31 मार्चपर्यंत 150 डबे 7,000 रुपये दराने विकले गेले. विक्री 10,50,000 झाली आणि 5 टक्के दराने अडत 52,500 झाली. 50 डबे शिल्लक राहिले.

या 50 डब्यांवर कोणता खर्च चढवायचा, हे ठरवायची कसोटी सोपी आहे: माल अडत्याच्या गोदामात पोचेपर्यंतचा खर्च त्याच्या किमतीत धरायचा, त्यानंतरचा नाही. ट्रकभाडे, विमा आणि उतरवण्याची हमाली मिळून 24,000 होतात, म्हणजे डब्यामागे 120 रुपये. शिल्लक साठा 6,120 रुपये दराने 3,06,000 धरायचा. गोदामभाडे आणि विक्रीखर्च त्याच वर्षाच्या नफ्यातून जातात. अडत तर शिल्लक मालावर लागतच नाही, कारण ती विकलेल्या 150 डब्यांवरच मिळालेली असते. तरीही पट्टीतला सगळा खर्च बेरजेने घेऊन 200 डब्यांवर वाटणारे बरेच असतात. तसे केल्यास इथे साठा 15,125 रुपयांनी फुगतो आणि नफाही तेवढाच फुगतो.

खात्याच्या नावे बाजूला माल 12,00,000, मालकाचा खर्च 20,000, अडत्याचा खर्च 12,000 आणि अडत 52,500 असे 12,84,500 येतात. जमा बाजूला विक्री 10,50,000 आणि साठा 3,06,000 मिळून 13,56,000. प्रेषणावरचा नफा 71,500 रुपये. अडत्याने आधी 4,00,000 रुपये उचल दिली असेल, तर खर्च, अडत आणि उचल वजा करून तो 5,85,500 रुपये देणे लागतो. ही उचल मालाच्या तारणापोटी दिलेली असेल, तर शिल्लक चौथाई मालाइतका, म्हणजे 1,00,000 रुपयांचा भाग आत्ताच वळता करायचा नाही.

वाटेत पावसाने 10 डबे भिजले, तर त्यांचे नुकसान 61,000 रुपये धरतात: मूळ 6,000 आणि मालकाने केलेल्या खर्चातले 100. इंदूरची हमाली त्यांच्यावर बसत नाही, ती पोचलेल्या 190 डब्यांवरच वाटायची. हे नुकसान प्रेषण खात्यातून वेगळे काढतात, नाहीतर विक्री किफायतशीर झाली की नाही, हे कळत नाही. विमा कंपनीकडून येणारी रक्कम वजा जाता उरलेले नफातोट्याला जाते. कांद्याची गोष्ट निराळी आहे. तो वाटेत सुकतोच, आणि ही नेहमीची घट आहे. 100 क्विंटल कांदा 2,000 रुपये दराने पाठवला, भाडे 16,000 झाले आणि हाती 96 क्विंटल आला, तर 2,16,000 रुपये त्या 96 क्विंटलांवर वाटायचे. क्विंटलचा दर 2,250 होतो. नेहमीची घट वेगळी दाखवत नाहीत, उरलेला माल ती सोसतो.

खर्चाचा आकडा ही मूल्याची वरची मर्यादा आहे. बाजार खाली आला, तर लेखामानकाप्रमाणे निव्वळ वसूल होणारी रक्कम धरावी लागते. इंदूरचा भाव 5,800 झाला, तर त्यातून 290 रुपये अडतही वजा करावी लागते. पुढे दुसरा विक्रीखर्च नसेल, तर डबा 5,510चा होतो आणि साठा 2,75,500चा. अनेक ताळेबंदांत भाव उतरवलेला दिसतो, पण अडत वजा करायची राहून जाते.

अडत्याला खरा खर्च कळू नये म्हणून काही मालक बीजकात चढी किंमत लिहितात. डबा 6,600चा दाखवला, तर वर्षअखेरीस शिल्लक 50 डब्यांवरची 30,000 रुपयांची चढ वजा करावी लागते. ती राहिली, तर मालकाने स्वतःलाच माल विकून नफा कमावल्यासारखे होते.

अडत्याने उधारीवर विकले आणि ग्राहकाने पैसे बुडवले, तर नुकसान मालकाचे. ही जोखीम अडत्यावर टाकायची असेल, तर डेल क्रेडेर कमिशन नावाची जादा अडत द्यावी लागते. ती घेतल्यावर बुडीत रक्कम अडत्याच्या वहीत खर्ची पडते. ही जादा अडत एकूण विक्रीवर मोजायची की फक्त उधारीच्या विक्रीवर, हे करारात नसेल, तर वाद ठरलेलाच.

तपासणीत सापडणारी आणखी एक गफलत म्हणजे माल रवाना होताच तो विक्री म्हणून दाखवणे. नावे ‘ग्राहक’ दिसतो, पण त्याच्याकडून पैसे वरचेवर थोडे येतात आणि एप्रिलमध्ये बराच माल परत येतो, ही त्याची खूण. म्हणून 31 मार्चची साठापट्टी अडत्याकडून लेखी मागवावी आणि पाठवलेले डबे हे विकलेले, परत आलेले, खराब झालेले व शिल्लक यांच्या बेरजेशी जुळवावे. एप्रिलमध्ये आलेल्या पट्टीत मार्चची विक्री असेल, तर ती मार्चचीच धरावी.

जीएसटीत मात्र हिशेब उलटा आहे. अडत्या ग्राहकाला स्वतःच्या नावाने बीजक देत असेल, तर 2017च्या कायद्याच्या पहिल्या परिशिष्टानुसार मालकाकडून त्याच्याकडे गेलेला करपात्र मालसुद्धा पुरवठा मानला जातो आणि विक्री होण्याआधीच त्यावर कर द्यावा लागतो. त्यामुळे विवरणपत्रातली उलाढाल आणि वहीतली विक्री जुळत नाही, आणि तो फरक जुळवून दाखवणारा कागद प्रेषकाने दरवर्षी तयार ठेवावा.