रंगदाचे पांढरे कापड

माऊली, आषाढीच्या वाटेवरचे गोल रिंगण तुम्ही पाहिले असेल. पाहिले नसेल तर पाहून आलेल्याकडून ऐकले तरी असेल. समजा, त्या रिंगणाच्या कडेला एखादा परका माणूस वही-पेन्सील घेऊन उभा राहिला. तो लिहील : 'मैदानात माणसे गोल करून उभी होती. दोन घोडे धावले. एकावर स्वार होता, दुसरा मोकळा होता. घोडे निघून गेल्यावर लोक तिथली माती कपाळाला लावू लागले.' यात एकही शब्द खोटा नाही. तरी या माणसाने रिंगण पाहिले, असे तुम्ही म्हणणार नाही. घोड्यावर कोणी बसलेले नाही, हे त्याने टिपले. तो घोडा माऊलींचा आहे, म्हणून त्यावर कोणी बसत नाही, हे त्याच्या वहीत कुठेच आले नाही.

अशा वर्णनाला पातळ वर्णन म्हणतात. जे वर्णन माती कपाळाला लावणाऱ्याच्या मनातल्या अर्थापर्यंत जाते ते दाट, अभ्यासकांच्या भाषेत सघन वर्णन. हा भेद मुळात इंग्रज तत्त्ववेत्ता गिल्बर्ट राईल याचा. त्याचे उदाहरण अगदी घरगुती आहे. एका मुलाची पापणी आपोआप लवते, दुसरा सोबत्याला मुद्दाम डोळा मारतो, तिसरा त्या डोळा मारणाऱ्याची नक्कल करतो. कॅमेऱ्याला तिघांची पापणी सारखीच हललेली दिसेल. फरक पापणीत नाही, अर्थात आहे, आणि तो त्या मुलांच्या संगतीत राहिल्याशिवाय कळत नाही. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झ याने ही कल्पना उचलली आणि 1973 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधसंग्रहाच्या पहिल्याच निबंधात मांडली. माणूस स्वतःच विणलेल्या अर्थांच्या जाळ्यात राहतो आणि अभ्यासकाने ते जाळे वाचायचे असते, असे त्याचे म्हणणे.

धर्माबद्दलचा त्याचा विचार त्याआधीचा, 1966 सालचा. त्यासाठी त्याने जे मुख्य उदाहरण घेतले ते इंडोनेशियातल्या बाली बेटावरच्या एका गावउत्सवाचे आहे. 1950च्या दशकाच्या शेवटी तो तिथे राहिला होता. त्याच्याही आधी, 1930च्या दशकात, ग्रेगरी बेटसन आणि मार्गारेट मीड या जोडप्याने हाच उत्सव बारकाईने टिपून ठेवला होता आणि गीर्ट्झने त्यांच्या टिपणांचा भरपूर आधार घेतला. आपण तो उत्सव नीट पाहू, म्हणजे त्याचे म्हणणे आपोआप उलगडेल.

बालीचे लोक बहुसंख्येने हिंदू आहेत. त्यांच्या देवळांचे उत्सव बहुधा 210 दिवसांच्या त्यांच्या पंचांगाप्रमाणे फिरून फिरून येतात. गावात एक देऊळ मृत्यूशी जोडलेले असते. त्या देवळाच्या उत्सवात पुष्कळदा रंगदा आणि बारोंग यांची झुंज होते. रंगदा ही चेटकीण. 'रंगदा' या शब्दाचा अर्थ विधवा, आणि तो आला आहे संस्कृतातल्या 'रंडा' या शब्दावरून. आपल्या 'रंडकी' या शब्दाचे मूळही तेच. विधवेला अशुभ ठरवण्याची खोड समुद्रापलीकडेही पोचलेली दिसते. जावातल्या ऐरलंग राजाच्या काळची, म्हणजे अकराव्या शतकातली, एक सूडाने पेटलेली विधवा रोगराई पसरवू लागली, अशी जुनी कथा आहे आणि रंगदाचे नाते तिच्याशी सांगतात.

आता आधी पातळ वर्णन. रंगदाचे सोंग एकच पुरुष घेतो. बाहेर आलेले डोळे, वर वळलेले सुळे, पिंजारलेले केस, लोंबणारे स्तन, तोंडातून खाली सुटलेली आगीसारखी लाल जीभ, बोटांना वीतभर नखे. ती कर्कश हसते. तिच्या हातात एक पांढरे कापड असते. बारोंग हा केसाळ प्राणी. त्याच्या आत दोन माणसे असतात, पुढचे दोन पाय एकाचे, मागचे दुसऱ्याचे. अंगावर सोनेरी दागिने आणि आरसे, हनुवटीला माणसाच्या केसांची दाढी. तो जबडे आपटत, ठुमकत, जरा खुळ्यासारखा नाचतो आणि लोक हसतात. मग दोघांची गाठ पडते. बारोंगच्या बाजूचे लोक क्रिस नावाचे नागमोडी खंजीर घेऊन रंगदावर धावतात. ती पांढरे कापड हलवते. ते कोसळतात, उठतात, आणि तेच खंजीर स्वतःच्या छातीवर रोखून दाबू लागतात. पाहणाऱ्यांतल्याही कितीतरी जणांच्या अंगात येते. शेवटी पुजारी तीर्थ शिंपडतो आणि माणसे भानावर येतात. त्यांच्या भाषेतही त्या पाण्याला तीर्थच म्हणतात. बारोंगची दाढी ज्यात बुडवली आहे त्या पाण्याला विशेष गुण असतो.

या वर्णनावर थांबलो तर आपण त्या वहीवाल्याच्याच पंगतीत बसू. म्हणून दोन-तीन गोष्टी जवळून पाहू.

पहिली गोष्ट रंगदाचे हात. ती दोन्ही हात वर करून, बोटे ताणून, जरा मागे झुकून उभी राहते. आपण म्हणू, ती लोकांना भिववते आहे. पण बेटसन आणि मीड यांनी त्या पवित्र्याचे स्थानिक नाव टिपले आहे. ते आहे 'कापर'. नारळाच्या झाडावरून अचानक खाली पडणारा माणूस दचकून जसे हात पसरतो, त्या हालचालीला बालीत कापर म्हणतात. म्हणजे भिववणारी रंगदा उभी आहे ती घाबरलेल्या माणसाच्या पवित्र्यात. गीर्ट्झ इथेच थबकतो. रंगदा भीती उत्पन्न करते एवढेच खरे नाही, तर ती स्वतःच भीती आहे, असे तो वाचतो. एका शब्दाने केवढा फरक पडला पाहा, आणि तो शब्द कॅमेऱ्यात उतरणे शक्य नव्हते.

दुसरी गोष्ट ते पांढरे कापड. आया तान्ह्या मुलाला ज्या झोळीत घेऊन फिरतात ती अशाच कापडाची असते. ज्या कापडात बाली मूल पहिल्यांदा निर्धास्त झोपले, तेच कापड या रात्री त्याला लुळे पाडते. मीडने यातून आई आणि मूल यांच्या नात्याबद्दल बरेच काही काढले. त्यातले काही मला ओढूनताणून आणलेले वाटते. पण कापड झोळीचे आहे, ही गोष्ट जमलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. ती कोणी बोलून दाखवत नाही.

तिसरी गोष्ट शेवट. आपल्याकडे नृसिंह हिरण्यकशिपूला फाडतो आणि दसऱ्याला रावण जळतो. इथे कोणीच जिंकत नाही. रंगदा मरत नाही, बारोंग हरत नाही. झुंज अनिर्णित राहते आणि पुढच्या उत्सवाला पुन्हा होते.

आता गीर्ट्झचा धर्माबद्दलचा विचार साध्या शब्दांत सांगतो. धर्म ही प्रतीकांची एक जुळलेली व्यवस्था आहे. हे जग मुळात कसे आहे, याचे चित्र ती उभे करते आणि त्या चित्राला असा खरेपणा देते की माणसाच्या मनातले भाव आणि ओढी त्यात अगदी चपखल बसतात आणि दीर्घकाळ टिकतात. नकाशा दोन प्रकारचा असतो, एक बांधून झालेल्या घराचा आणि दुसरा बांधायच्या घराचा. धर्माचे प्रतीक एकाच वेळी दोन्ही असते. रंगदा आणि बारोंग हे बालीच्या माणसाला जग कसे आहे ते सांगतात : भय आणि हसू एकमेकांना भिडलेले, कोणीच कोणाला संपवत नाही. आणि त्या जगात तोल सांभाळून कसे वागायचे, हेही तेच सांगतात.

इथे तुमच्या मनात एक काटा टोचेल, आणि तो टोचायलाच हवा. प्रतीक म्हणजे 'नुसते प्रतीक' काय? विठोबालाही हे लोक तसेच म्हणतील काय? गीर्ट्झच्या लिखाणात 'नुसते' हा शब्द बसत नाही. देव आहे की नाही, यावर निकाल देणे अभ्यासकाचे काम नाही, अशी त्याची भूमिका आहे. त्याचा प्रश्न वेगळा आहे : माणसाला ते खरे कुठे भेटते? त्याचे उत्तर, विधीत. बालीचा माणूस घरी बसून आधी रंगदावर विश्वास ठेवतो आणि मग उत्सवाला जातो, असे होत नाही. उत्सवात ती त्याला भेटते, आणि खंजीर छातीशी धरलेल्या माणसाला 'तू रंगदाला मानतोस का' हे विचारण्यात काही अर्थ उरत नाही. रोज जगतो ते जग आणि मनात धरलेले जग त्या वेळी एक होतात. रिंगणात पाय आपोआप उचलले गेले असतील, तर हे तुम्हांला वेगळे समजावून द्यायला नको.

पण या विचाराला एक खिंडार आहे. तलाल असद या अभ्यासकाने 1983 साली ते दाखवले. प्रतीक आपल्या आपण मनात भाव उत्पन्न करते काय, असे त्याने विचारले. प्रतीकाला अधिकार कोण देतो, त्यामागे शिस्त कोणती, ते कोण शिकवतो, कोण मोडू देत नाही, हे गीर्ट्झने बाजूला ठेवले, असा त्याचा आक्षेप. आपल्या रिंगणाला हा प्रश्न लावून पाहा. एकोणिसाव्या शतकात हैबतरावबाबा आरफळकरांनी पालखी सोहळ्याला शिस्त लावली. ते शिंद्यांच्या पदरी राहिलेले सरदार, म्हणून सोहळ्याला लवाजम्याचे रूप आले. घोडे अंकलीच्या शितोळे सरकारांकडून येतात. मोकळ्या घोड्याचा अर्थ आज तुमच्या-माझ्या अंगवळणी आहे, तो चोपदाराच्या दंडामुळे, मानकऱ्यांच्या क्रमामुळे, लहानपणी कोणी खांद्यावर बसवून 'ते बघ माऊली' म्हटल्यामुळे. अर्थाचे जाळे कोणीतरी विणले आहे आणि विणणाऱ्यांची नावे पुष्कळदा सापडतात. दाट वर्णन करणाऱ्याने तीही लिहावीत, असे मला वाटते.

आणखी एक गोष्ट गीर्ट्झला स्वतःला ठाऊक होती. त्या एक झालेल्या जगात कोणी चोवीस तास राहत नाही. तीर्थ शिंपडले की बालीचा माणूस उठतो, खंजीर ठेवतो आणि घरी जातो. दुसऱ्या दिवशी शेताला पाणी सोडायचे असते, देणेकरी दारात असतो. उत्सवातले काही त्या दिवसात झिरपते, काही झिरपत नाही. किती झिरपले, हे उत्सव पाहून कळत नाही. त्यासाठी दुसरा दिवस पाहावा लागतो.

आपल्या वारीचा असा 'दुसरा दिवस' इरावती कर्व्यांनी पाहिला. त्यांच्या 'परिपूर्ती' या संग्रहात 'वाटचाल' नावाचा लेख आहे. पंढरीच्या वाटेवर त्या दिंडीबरोबर चालल्या. वाटेत ब्राह्मण आणि मराठे एकाच सुरात अभंग म्हणत, आणि मुक्कामाला आले की चुली वेगळ्या पेटत, पंगती वेगळ्या बसत. भजन त्यांनी मनापासून ऐकले आणि चुलीही लिहून ठेवल्या. पुढे त्या मराठा बायकांबरोबर जेवल्या. त्यानंतर त्या बायका त्यांच्याशी अधिक मोकळेपणाने बोलू लागल्या.