मुलाचा खोकला कुत्रा भुंकल्यासारखा येतोय? 'क्रूप' कसा ओळखायचा आणि हॉस्पिटल कधी गाठायचं?

समजा, दोन वर्षांच्या मुलाला दोन दिवसांपासून सर्दी आणि थोडा ताप आहे. रात्री ते अचानक खोकत उठतं. खोकला कुत्रा भुंकल्यासारखा येतो, आवाज बसलेला असतो आणि रडताना श्वास आत घेतला की घशातून कर्कश आवाज येतो. हे 'क्रूप'चं नेहमीचं चित्र आहे.

नेमकं काय होतं?
क्रूप बहुतेक वेळा विषाणूंमुळे होतो, त्यातही पॅराइन्फ्लुएंझा विषाणूमुळे. स्वरयंत्राच्या खाली श्वासनलिकेला सूज येते. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांची ही नळी मुळातच अरुंद असते, त्यामुळे थोड्या सुजेनेही हवेची वाट अडते. हा त्रास रात्री वाढतो.

आधी काय पाहायचं?
मुलाला मांडीवर बसवून शांत करा. रडताना श्वास जोरात ओढला जातो, म्हणून आवाजही वाढतो. शांत झाल्यावर आवाज थांबला, मूल पाणी पितंय, खेळतंय, तर त्रास सहसा सौम्य असतो. तरीही रात्रभर लक्ष ठेवा आणि सकाळी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. मूल शांत बसलेलं असतानाही तो आवाज येत असेल, तर सकाळची वाट पाहू नका.

धोक्याची लक्षणं
मुलाचा शर्ट वर करून छाती पाहा. खालीलपैकी काहीही दिसलं, तर लगेच हॉस्पिटल गाठा किंवा 108 वर फोन करा:

- श्वास घेताना गळ्याखालचा खळगा किंवा बरगड्यांमधली त्वचा आत ओढली जाणं
- ओठ किंवा चेहरा निळसर, राखाडी पडणं
- मूल खूप अस्वस्थ होणं किंवा गळून जाणं, झोपाळल्यासारखं दिसणं
- लाळ गिळता न येणं, तोंडातून लाळ गळणं

एक गोष्ट फसवी असते. धाप लागलेलं मूल दमून गेलं की आवाज कमी होतो. आवाज कमी झाला, पण मूल मलूल पडलंय, तर तो आराम नाही, श्वास अपुरा पडतोय.

सर्दी-ताप नसताना, खाताना किंवा खेळताना अचानक असा आवाज सुरू झाला, तर घशात काही अडकलेलं असू शकतं. तेव्हाही तातडीने हॉस्पिटलमध्ये न्या.

उपचार काय?
डॉक्टर सहसा डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा वजनानुसार एक डोस देतात. काही तासांत सूज उतरू लागते. त्रास जास्त असेल तर अॅड्रेनालिनची वाफ नेब्युलायझरने देतात. तिचा परिणाम सुमारे दोन तासांत ओसरतो, म्हणून बरं वाटलं तरी मुलाला काही तास थांबवून ठेवतात.

काय करू नये?
गरम पाण्याची वाफ देऊ नका. तिचा फायदा सिद्ध झालेला नाही आणि मूल भाजण्याचा धोका असतो. खोकल्याच्या सिरपने ही सूज उतरत नाही. घशात बोट किंवा चमचा घालून पाहू नका. मुलाला जबरदस्तीने आडवं करू नका. ते ज्या स्थितीत सहज श्वास घेतंय, तसंच कडेवर किंवा मांडीवर धरून न्या.