इंटरनेटशिवाय इंग्रजीचा अभ्यास: मेमरी कार्ड, छापील शब्दयादी आणि आठवड्याचे वेळापत्रक

घाटनांदूर हे बीड जिल्ह्याच्या अंबाजोगाई तालुक्यातले, परळी ते लातूर रोड या रेल्वेमार्गावरचे गाव. बीड जिल्ह्यातून दर वर्षी दिवाळीच्या आसपास लाखो मजूर ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. हंगाम साधारण मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. काही मुले गावातच आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतात, तर काही आई-वडिलांबरोबर फडावर जातात. फडावर गेलेल्या मुलांची शाळा मधेच सुटते आणि परत येईपर्यंत वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली असते. सगळ्यात जास्त मागे पडते ते इंग्रजी, कारण ते घरात कुणी बोलत नाही आणि कोपीवर ते कानावरही पडत नाही.

अशा ठिकाणी व्हिडिओ पाहून शिकणे जमत नाही. रेंज मिळाली तरी ती टिकत नाही आणि घरातला एकच स्मार्टफोन बहुतेक वेळ वडिलांकडे असतो. पण शब्द शिकायला इंटरनेट रोज लागत नाही. निघण्यापूर्वी एकदाच तयारी केली, तर पाच महिन्यांचा अभ्यास एका मेमरी कार्डात आणि वीस कागदांत मावतो. घाटनांदूरहून फडावर जाणाऱ्या आठवीच्या विद्यार्थ्यासाठी असा संच कसा तयार करायचा, ते पुढे दिले आहे.

शब्द किती आणि कोणते?

नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत साधारण वीस आठवडे मिळतात. आठवड्याला १५ नवे शब्द धरले तर ३०० शब्द होतात. हा आकडा लहान वाटतो, पण जुन्या शब्दांची उजळणीही याच वेळात करायची असते. आठवड्याला ४० शब्द धरले, तर तिसऱ्या आठवड्यातच उजळणी मागे पडते आणि सुरुवातीचे शब्द विसरले जातात.

या ३०० पैकी सुमारे २०० शब्द वर्गात पुढे येणाऱ्या धड्यांतून घ्यावेत. बालभारतीची पाठ्यपुस्तके `ebalbharati.in` या संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात, त्यामुळे पुस्तक हरवले तरी अडत नाही. उरलेले १०० शब्द इंग्रजीत वारंवार येणाऱ्या शब्दांतून निवडावेत. त्यासाठी २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेली 'न्यू जनरल सर्व्हिस लिस्ट' ही यादी उपयोगी पडते. तिच्यात सुमारे २८०० शब्द आहेत आणि सर्वसाधारण इंग्रजी मजकुरातले दहापैकी नऊ शब्द त्यांतलेच असतात. थ्रू, दो, थॉट, इनफ असे शब्द यात मुद्दाम घ्यावेत. मुलांनी ते पुस्तकात पाहिलेले असतात, पण स्पेलिंगवरून त्यांचा उच्चार कळत नाही.

छापील यादी

एका पानावर एकच यादी, म्हणजे १५ शब्द. पानावर चार रकाने असतात: क्रमांक, इंग्रजी शब्द, त्या शब्दाचे एक छोटे वाक्य आणि मराठी अर्थ. अर्थाचा रकाना अगदी उजव्या कडेला ठेवावा. तेवढा कागद मागे दुमडला की अर्थ झाकला जातो आणि तेच पान प्रश्नपत्रिका होते. डावीकडचा इंग्रजी भाग झाकून अर्थावरून शब्द लिहिला, की उलट बाजूनेही परीक्षा होते.

देवनागरीत उच्चाराचा रकाना मात्र टाळलेला बरा. इंग्रजीतले 'व्ही' आणि 'डब्ल्यू' हे दोन वेगळे आवाज आपण बरेचदा एकाच 'व'ने लिहितो, आणि शब्दाच्या कोणत्या भागावर जोर द्यायचा ते देवनागरीत दिसत नाही. मूल मग ऐकण्याऐवजी लिहिलेले वाचू लागते. उच्चारासाठी आवाजाची फाइल आहे, तिथेच तो शिकावा.

छपाईच्या वेळी एक अडचण हमखास येते. यादी जुन्या मराठी फाँटमध्ये टाइप केली, तर झेरॉक्सच्या दुकानातल्या संगणकावर तो फाँट नसतो आणि अर्थाच्या जागी भलतीच अक्षरे उमटतात. म्हणून टायपिंग युनिकोडमध्ये करावे आणि दुकानात पीडीएफच न्यावी. आधी एकच पान छापून पाहावे. 'स्थिती', 'विद्यार्थी' अशा शब्दांतल्या वेलांट्या आणि जोडाक्षरे नीट दिसली, तरच बाकीची पाने काढावीत. प्रत्येक पानाच्या दोन प्रती असाव्यात. एक वापरायची आणि दुसरी प्लॅस्टिकच्या पिशवीत राखून ठेवायची.

आवाजाच्या फाइल

प्रत्येक यादीची एक फाइल असते आणि तिचा क्रम छापील पानाशी जुळतो. ध्वनिमुद्रण शाळेतल्या शिक्षकांनी किंवा स्पष्ट वाचणाऱ्या मोठ्या विद्यार्थ्याने साध्या फोनवर केले तरी चालते. उच्चाराबद्दल शंका असेल तिथे वाचणाऱ्याने आधी बोलणाऱ्या शब्दकोशात शब्द ऐकून घ्यावा. फोन तोंडापासून वीतभर लांब, थोडा बाजूला धरावा, म्हणजे श्वासाचा आवाज येत नाही. पंखा बंद ठेवावा.

वाचनाचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी मराठी अर्थ, मग चार सेकंद शांतता आणि त्यानंतर इंग्रजी शब्द दोनदा. त्या चार सेकंदांत मुलाने शब्द आठवून मोठ्याने म्हणायचा असतो. आधी इंग्रजी शब्द वाचला, तर आठवायला काही उरतच नाही. मूल नुसते ऐकत राहते आणि सगळे येते असा त्याचा समज होतो.

एका शब्दाला सुमारे दहा सेकंद लागतात, म्हणजे यादीची फाइल अडीच मिनिटांची होते. याशिवाय शिक्षकांनी दर आठवड्यासाठी पाठ्यपुस्तकातला एक उतारा सावकाश वाचून पाच मिनिटांची दुसरी फाइल करावी. पुस्तक मुलाजवळ असतेच, त्यामुळे मजकूर वेगळा छापावा लागत नाही. दहावी किंवा त्यापुढच्यांसाठी बीबीसीच्या 'सिक्स मिनिट इंग्लिश' या मालिकेचे भाग लेखी मजकुरासह उतरवून घेता येतात, पण आठवीला ते जड जातात.

बरेच फोन ध्वनिमुद्रण एमफोरए प्रकारात साठवतात आणि काही साध्या कीपॅड फोनवर ते वाजत नाही. एमपी३ सगळीकडे वाजते. संगणकावर एफएफएमपेग हा मोफत प्रोग्रॅम असेल, तर पुढची एक ओळ फाइल बदलून तिचा आकारही लहान करते:

```
ffmpeg -i in.m4a -ac 1 -b:a 64k out.mp3
```

बोलण्याच्या आवाजाला एवढा दर्जा पुरतो. या दराने एका मिनिटाला अर्धा एमबीपेक्षा थोडी कमी जागा लागते. वीस याद्या आणि वीस उतारे मिळून १५० मिनिटे, म्हणजे साधारण ७२ एमबी होतात. लहानात लहान मेमरी कार्डातही एवढी जागा सहज असते.

फाइलींची नावे `01_shabd.mp3`, `01_utara.mp3`, `02_shabd.mp3` अशी रोमन लिपीत ठेवावीत. स्वस्त फोनवर देवनागरी नावांच्या जागी नुसते चौकोन दिसतात. एकेरी आकड्याआधी शून्य लावले नाही, तर काही फोन १ नंतर थेट १० दाखवतात.

आठवड्याचे वेळापत्रक

एकदा शिकलेला शब्द वाढत्या अंतराने पुन्हा आठवला तर तो टिकतो. जर्मनीच्या सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये यासाठी कार्डांच्या पेट्यांची पद्धत मांडली. फडावर तीनशे कार्डे सांभाळणे अवघड, म्हणून इथे तेच तत्त्व याद्यांना लावले आहे. प्रत्येक यादी एक, तीन आणि सात आठवड्यांनी परत येते.

| वार | काम |
|---|---|
| सोमवार | नव्या यादीतले पहिले ८ शब्द |
| मंगळवार | उरलेले ७ शब्द |
| बुधवार | पूर्ण नवी यादी, फाइलबरोबर उत्तर देत |
| गुरुवार | मागच्या आठवड्याची यादी |
| शुक्रवार | तीन आणि सात आठवड्यांपूर्वीच्या याद्या |
| शनिवार | उतारा: एकदा पुस्तकात पाहून, एकदा न पाहता |
| रविवार | पान दुमडून लेखी परीक्षा |

आठव्या आठवड्याचे उदाहरण घेऊ. सोमवार ते बुधवार आठवी यादी, गुरुवारी सातवी, शुक्रवारी पाचवी आणि पहिली. रविवारी नव्या यादीतले जे शब्द चुकतील, ते वहीच्या शेवटच्या पानावर उतरवायचे आणि पुढच्या रविवारी आधी तेच विचारायचे. शेवटच्या याद्यांची सात आठवड्यांची फेरी हंगामात बसत नाही, ती गावी परतल्यावर पूर्ण होते.

रोजचा वेळ वीस मिनिटे. उजेड असेपर्यंत कागदाचे आणि लिहिण्याचे काम करावे, ऐकण्याचे काम अंधार पडल्यावर. कोपीत दिवा नसला तरी आवाजाची फाइल ऐकता येते. कीपॅड फोनची बॅटरी काही दिवस पुरते, त्यामुळे रोज चार्जिंग शोधावे लागत नाही.

कुठे बिघडते?

पहिला धोका असतो तो निघण्याच्या दिवशी. एखाद्या ॲपमध्ये 'डाउनलोड' झालेला व्हिडिओ ही स्वतंत्र फाइल नसते. तो त्याच ॲपमध्ये चालतो आणि काही मुदतीनंतर पुन्हा इंटरनेट मागतो. म्हणून कार्ड ज्या फोनमध्ये वापरायचे, त्याच फोनमध्ये घालावे, फोन फ्लाइट मोडवर टाकावा आणि पहिली, दहावी व शेवटची फाइल वाजवून पाहावी. बनावट मेमरी कार्डावर छापलेली जागा प्रत्यक्षात नसते, अशा कार्डात शेवटच्या फाइली बिघडतात. त्यामुळे शेवटची फाइल पूर्ण ऐकावी. सगळ्या फाइलींची एक प्रत शिक्षकांच्या किंवा टोळीतल्या दुसऱ्या कुटुंबाच्या फोनमध्ये ठेवावी.

दुसरा बिघाड हळूहळू होतो. मूल फाइल लावते, पण त्या चार सेकंदांत काही बोलत नाही. हे ओळखायला रविवारचा कागद पुरतो. १५ पैकी ११-१२ शब्द येत असतील, तर गती ठीक आहे. सलग दोन रविवार नऊपेक्षा कमी आले, तर एक आठवडा नवी यादी थांबवून फक्त उजळणी करावी. वेळापत्रक एक आठवडा मागे पडले तरी चालते.

संचाला काय जमत नाही?

मुलाचा उच्चार चुकला, तर फाइल त्याला थांबवत नाही. त्याने लिहिलेले वाक्यही कुणी तपासत नाही. त्यासाठी पंधरा दिवसांतून एकदा शिक्षकांना साधा फोन करावा, कारण फोनवर बोलायला इंटरनेट लागत नाही. मुलाने शेवटच्या दोन याद्या वाचून दाखवाव्यात आणि शिक्षकांनी चुकलेले शब्द सांगावेत. त्या शब्दांपुढे पानावर खूण करून त्यांची फाइल पुन्हा ऐकायची. दहा मिनिटे पुरतात. गणित आणि विज्ञानासाठी हा संच उपयोगाचा नाही, कारण तिथे पायऱ्या समजावून सांगणारे माणूस लागते. हंगामात मुलाला जवळच्या शाळेत बसता येत असेल, तर शाळाच धरावी आणि हा संच संध्याकाळच्या वीस मिनिटांसाठी ठेवावा.